मेलमध्ये आपण, तुम्ही की तू?

प्रश्न: कापसाच्या जिनिंगमध्ये बिलिंग बघतो. क्लायंटचे मालक वयस्कर, खरेदी बघणारा पोरगा माझ्याहून लहान. मेलमध्ये कोणाला काय लिहू?

उत्तर: दोघांनाही 'तुम्ही' लिहा, 'तू' नकोच. फोनवर त्या पोराला "गाडी पाठव न बे" चालते, पण मेल तो मालकांना फॉरवर्ड करते अन् तिथं ते उद्धट दिसते. 'आपण' जास्त आदराचं असलं तरी त्याचा अर्थ 'आपण दोघं' असाही होते, मी एकदा "आपण गाठी उचलायच्या" लिहिलं, त्यांना वाटलं गाडी आम्हीच पाठवू, माल दोन दिवस पडून राहिला. "तुमची गाडी पाठवा" लिहिलं असतं तर गोंधळच नव्हता. हां, मालक स्वतः 'आपण' लिहित असतील तर उत्तरही 'आपण'मध्येच द्या, फक्त क्रियापद "पाठवावी" असंच ठेवा, "पाठवू" नको.