ओएमआरवर उत्तरं एक ओळ सरकू नयेत म्हणून काय करावं?

प्रश्न: नीटच्या सराव परीक्षेत मधला प्रश्न सोडला की पुढची उत्तरं एक ओळ वर जातात. हे कसं टाळू?

उत्तर: हात ‘पुढची रिकामी ओळ’ शोधतो, म्हणून असं होतं. प्रश्न सोडत गेलात की पुढची रिकामी ओळ आणि पुढचा प्रश्न यांचा मेळ राहत नाही. म्हणून ओळ रिकामेपणावरून नाही, क्रमांकावरून शोधा. प्रश्नपत्रिकेत पर्यायाला गोल करा आणि सोडलेल्या प्रश्नाच्या क्रमांकाभोवती मोठा चौकोन काढा. खुणा प्रश्नपत्रिकेवरच, ओएमआरवर काहीही नाही.

एक पान सोडवून झालं की त्या पानाची उत्तरं एकदम भरा. मनात ‘अठ्ठावन्न, तीन’ अशी जोडी म्हणा, छापील ५८ वर बोट ठेवा, मगच पेन टेकवा. पान संपलं की शेवटचा भरलेला क्रमांक पानावरच्या शेवटच्या सोडवलेल्या प्रश्नाशी आणि रिकाम्या ओळी चौकोनांशी जुळतात का बघा. चूक झालीच तर ती एका पानापुरतीच राहते.

समजा ५७ सोडला, ५८चं उत्तर ५७मध्ये गेलं आणि ६४चं उत्तर ६३मध्ये भरल्यावर लक्षात आलं. ५७ ते ६३ या ओळींना आता हात लावू नका. काळ्या बॉलपेनचा गोल खोडता येत नाही, आणि दुसरा गोल भरलात तर उत्तर चुकीचं धरून एक गुण कापला जातो. तसंच ठेवलं तर एखादं योगायोगाने बरोबर निघू शकतं. ६४ची ओळ अजून रिकामी आहे, तिथे ६४चं खरं उत्तर भरा आणि पुढे चला.