‘सवड झाली तर या’ : निमंत्रणातला रुसवा कसा ओळखावा

प्रश्न नेहमीचाच. निपाणीहून मामींचा निरोप येतो: “काय रे, उंबराचं फूल झालास की! पोरीचं लग्न ठरलंय. सवड झाली तर या, तुम्ही मोठी माणसं. पत्रिका पाठवलीय, हेच आग्रहाचं निमंत्रण समजा.” भाचा उत्तर देतो: “धन्यवाद मामी, सुट्टी मिळाली तर बघतो.” त्यानंतर मामी गप्प, आणि आईचा फोन.

उंबराचं फूल कुणाला दिसत नाही, म्हणून हा शब्द क्वचित भेटणाऱ्यासाठी. त्यात तक्रार आहे, पण ती लाडाची. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं वाक्याच्या शेवटी येणारा ‘की’ बहुतेक वेळा जवळिकीचाच असतो: ये की, जेव की. इथवर मामी खुशीत आहेत.

बोच पुढच्या वाक्यात आहे. पहिल्या वाक्यात ‘झालास’ म्हणणारी मामी ‘या’ आणि ‘तुम्ही’वर आली. हा निरोप घरच्या ग्रुपवर असता तर ‘या’ सगळ्या कुटुंबाला धरून म्हटलं असतं, त्यात काही वावगं नाही. एकट्याच्या नंबरावर आलेलं ‘तुम्ही’ मात्र लांब ढकलतं, आणि सोबत ‘मोठी माणसं’ असेल तर रुसवा पक्का. ‘सवड झाली तर’ ही मोकळीक समजू नका. मागच्या कुठल्यातरी कार्याला तुम्ही आला नाहीत, हे त्या आठवून देताहेत. भाच्यानं ‘सुट्टी मिळाली तर’ म्हणून तोच ‘तर’ परत केला, आणि नेमकं तेच लागलं.

शेवटचं वाक्य पत्रिकेतलं ठरीव आहे. समक्ष येऊन बोलावता आलं नाही तर असंच लिहितात. त्यावर रागावू नये आणि फार हुरळूनही जाऊ नये.

उत्तर लिहून देऊ नका, त्याच दिवशी फोन करा. आधी रुसवा उतरवा: “मामी, मला ‘तुम्ही’ कधीपासून म्हणायला लागलात?” मग मुलगा कुठला, हळद कधी, अक्षता किती वाजता, हे विचारा. येणं जमणार नसेल तर ते यानंतर, पण स्पष्ट सांगा. ‘बघतो’ म्हणालात तर जेवणाच्या पानापासून झोपायच्या सोयीपर्यंत त्या तुम्हाला धरून चालतील, आणि ऐनवेळचा नकार दुप्पट लागेल.

आहेर आईच्या हातून हळदीच्या दिवशी पोचवा; रोख असेल तर 501, 1101 असा वर एक ठेवून. नुसते पैसे मामींच्या खात्यावर टाकू नका, रुसलेल्या घरात त्याचा अर्थ ‘मोठी माणसं’ असाच होतो. पत्रिकेत आहेर स्वीकारणार नाही असं छापलं असेल, तर बहिणीला साडी चालेल का, एवढं मामींनाच विचारून घ्या.