‘तुतारी’ पाठ आहे, तरी गुण का मिळत नाहीत?

“सर, मी सोलापुरात बी. ए.ला मराठी हा विषय घेऊन शिकते. नवी पेठेतून आणलेल्या गाइडमधला प्रत्येक कवितेचा सारांश मी पाठ करते. केशवसुतांच्या ‘तुतारी’चा आशय तर मला झोपेतही सांगता येईल, तरीही दीर्घोत्तरी प्रश्नांत निम्म्याच्या पुढे गुण जात नाहीत. मला पुढे एम. ए. करून प्राध्यापक व्हायचे आहे. नेमके काय चुकते?”

प्रिय विद्यार्थिनी,

मी काही वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. एकाच गाइडचा सारांश चाळीस जणांनी लिहिला, की परीक्षकाला दुसऱ्या पानापर्यंत जाण्याची गरजच उरत नाही. कवितेत काय घडते, हे त्याला ठाऊक असते. ती कविता तू कशी वाचलीस, हे त्याला पाहायचे असते. त्यासाठी ‘तुतारी’च घेऊ.

पहिल्या वाचनात फक्त आवाज शोध. बोलतो कोण आणि कोणाशी? ‘एक तुतारी द्या मज आणुनि’ ही सुरुवात मागण्याची आहे. मागणाऱ्याच्या हाती काहीच नाही आणि सारंगी, सतार, वीणा यांचे गोड सूर त्याच्या कामाचे नाहीत. पुढे मात्र तोच ‘जाळुनि किंवा पुरुनि टाका’, ‘सावध! ऐका पुढल्या हाका’ असे बजावतो. ‘द्या’ आणि ‘टाका’ ही दोन्ही व्याकरणाने एकाच घडणीची आज्ञार्थी रूपे आहेत, परंतु पहिल्यात याचना आहे आणि दुसऱ्यात हुकूम. मधल्या कडव्यांत त्याला तुतारी मिळाल्याचा उल्लेख कुठेही नाही. मग हा बदल कशाने झाला? माझे उत्तर असे, की मागता मागता ही कविताच तुतारी होऊन जाते. तुला हे पटलेच पाहिजे असे नाही; मात्र तुझे उत्तर वेगळे असेल, तर तेही कवितेतल्या शब्दांवरच उभे राहिले पाहिजे.

आता आशयसूत्र. ‘समाजसुधारणा’ हा शब्द वहीत लिहून थांबू नकोस, कारण तो त्या काळातल्या वीस कवितांना लागू पडेल. सूत्र पूर्ण वाक्यात लिही, आणि कवितेतल्या दोन ओळी एकमेकींना अडतात असे वाटेल तिथेच ते शोध. इथे एकीकडे जुने जाळायचे किंवा पुरायचे आहे, तर दुसरीकडे ‘प्राप्तकाल हा विशाल भूधर, सुंदर लेणी तयात खोदा’ असे सांगितले आहे. लेणी हे डोंगर फोडून, दीर्घकाळ खपून केलेले आणि शतकानुशतके टिकणारे काम असते. नव्यासाठी कवीने निवडलेली प्रतिमाच मुळी पुरातन आहे. तेव्हा सूत्र असे होईल: ‘जुन्याचा नाश मागणारी ही कविता नव्याची कल्पना मात्र टिकाऊ कोरीव कामाच्या रूपात करते.’ हे वाक्य चुकीचे ठरवू शकणारी एखादी ओळ सापडते का, हे पाहण्यासाठी संपूर्ण कविता पुन्हा वाच. सापडली, तर वाक्य बदल.

अवतरणांच्या बाबतीत बहुतेक विद्यार्थी अख्खे कडवे उतरवतात आणि खाली त्याचाच गद्यात अर्थ लिहितात. तिथे जागा जाते, पण गुण येत नाहीत. चार-सहा शब्द पुरेत, पण ते आपल्या वाक्यात गुंफलेले असावेत: “‘स्वप्राणाने’ फुंकण्याची भाषा करणारा हा आवाज वाद्याबरोबर स्वतःचा श्वासही पणाला लावतो.” एक कसोटी सांगतो. अवतरण बोटाने झाकून परिच्छेद वाच. तो तसाच उभा राहिला, तर अवतरण केवळ शोभेचे होते. शब्द मात्र क्रमिक पुस्तकातूनच घे. ऐकीव ओळीत ‘मज’चे ‘मला’ होते आणि वृत्त मोडते.

एका कवितेला अशा तीन संध्याकाळी लागतील, त्यामुळे ही पद्धत परीक्षेच्या आदल्या आठवड्यात साधणार नाही. कादंबरीत ‘मी’ सांगतो की तटस्थ निवेदक, हे आधी ठरव आणि प्रत्येक प्रकरणातून एकच वाक्य पान क्रमांकासह टिपून ठेव. सारांश टाकून देऊ नकोस, तीन ओळींचा कर. ‘आशय सांगा’ असा थेट प्रश्न आला, तर तो लागतोच.

प्राध्यापक होण्यासाठी एम. ए.ला किमान 55 टक्के गुण (आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे) आणि साधारणपणे नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. नेटमध्ये 300 गुणांचे 150 प्रश्न असतात आणि ते सगळे बहुपर्यायी असतात, म्हणून तिथे कवी, ग्रंथ आणि कालक्रम यांची वेगळी तयारी करावी लागेल. एम. ए.च्या लेखी उत्तरांना मात्र ही वही उपयोगी पडेल. या आठवड्यात गाइड मिटून ‘तुतारी’वर दोन पाने लिही आणि तुमच्या मराठीच्या शिक्षकांना दाखव, प्रत्येक अवतरणापाशी ‘हे इथे का?’ असे विचारायला त्यांना सांग.