ब्रॉडबँडच्या बिलावरचा प्लॅन कसा वाचायचा?

प्रश्न: जुळे सोलापुरात राहतो. ‘१०० एमबीपीएस, अनलिमिटेड’ सांगून कनेक्शन दिलं. वीस तारखेनंतर नेट रांगतंय. बिलात नेमकं काय बघू?

उत्तर: बिलावर बहुधा फक्त प्लॅनचं नाव आणि बिलिंगचा कालावधी असतो. त्याच नावाचा प्लॅन कंपनीच्या अ‍ॅपवर उघडा आणि एफयूपीची, म्हणजे पूर्ण वेगाने किती डेटा मिळेल या मर्यादेची, ओळ शोधा. समजा तिथे ‘५०० जीबीपर्यंत १०० एमबीपीएस, नंतर ४ एमबीपीएस’ असं आहे. म्हणजे नेट बंद पडत नाही, एवढ्यापुरतंच ते अनलिमिटेड. १ जीबीची फाइल आधी दीड मिनिटात उतरायची, आता अर्ध्या तासाहून जास्त लागेल.

घरात रोज २५ जीबी वापर असेल तर ५०० जीबी बरोबर विसाव्या दिवशी संपतात. मात्र दिवस बिलिंगच्या तारखेपासून मोजा, एक तारखेपासून नव्हे.

खात्रीसाठी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून सकाळी आणि रात्री स्पीड टेस्ट करा. दोन्ही वेळा आकडा चारच्या आसपास अडकला, तर मर्यादा लागली आहे. सकाळी ८० आणि रात्री १५ येत असेल, तर एफयूपीचा संबंध नाही. लाइनवर गर्दी आहे, तशीच तक्रार करा.

दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१६ च्या निर्देशानुसार ५०, ९० आणि १०० टक्के वापराला सूचना यायलाच हवी. ती आली नसेल तर तक्रारीत हे आधी लिहा, आणि ‘अनलिमिटेड’ सांगणारा विक्रेत्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असेल तर तो अजिबात डिलीट करू नका. तक्रार क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं.