टोपीवाला राजा कोण, हे नाण्याच्या मागच्या बाजूला विचारा

प्रश्न: आजोबांच्या डब्यात चांदीचं एक बारकं नाणं मिळालं. एका बाजूला मिशीवाला, टोपी घातलेला राजा उजवीकडे बघतोय, मागे डोंगरासारखं काहीतरी आणि कडेने अक्षरं आहेत. हा राजा नेमका कोण, हे मुकुटावरून किंवा लेखावरून कसं ओळखायचं?

तुम्ही फोटो टाकलेला नाही, पण वर्णनावरून नाणं पश्चिमी क्षत्रपांचं असावं. गुजरात, माळवा आणि काही काळ आपला नाशिक-कोकण पट्टा ज्यांच्या ताब्यात होता ते शक राजे. नाणं साधारण दोन ग्रॅमचं आणि करंगळीच्या नखापेक्षा थोडंच मोठं असेल, तर शंका बरीच कमी होईल. आता घराणं कळणं आणि राजा कळणं यांत बरंच अंतर आहे. ते कसं कापायचं ते सांगतो, कारण मी स्वतः याच नाण्यावर एकदा सपशेल तोंडावर पडलोय.

टोपीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यांची नजर आधी तिथेच जाते. चपटी गोल टोपी, मानेवर आलेले केस, मिशा आणि गळ्याशी अंगरख्याची कड. हा थाट पाहून माणूस शक वळणाचा आहे एवढं कळतं. पण तो अमुक राजा आहे असं त्यावरून म्हणता येत नाही. टांकसाळीतला कारागीर राजाला समोर बसवून ठसा कोरत नव्हता, आधीच्या ठशावरून पुढचा कोरत होता. त्यामुळे बापाचा आणि मुलाचा चेहरा सारखा निघतो, आणि एकाच राजाच्या दोन नाण्यांवर मात्र दोन वेगळी माणसं वाटतात. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 साली तेरा हजारांवर नाण्यांचा साठा सापडला, सगळी नाणी नहपान या क्षत्रप राजाच्या नावाची. त्यात तरुण, म्हातारा, गालफडं बसलेला, गुबगुबीत असे सगळे नहपान आहेत.

गंमत पुढेच आहे. क्षत्रप गेले तरी हे डोकं नाण्यावरून गेलं नाही. गुप्त घराण्यातल्या दुसऱ्या चंद्रगुप्ताने क्षत्रपांचं राज्य घेतलं आणि त्या भागासाठी चांदीची नाणी पाडली, तेव्हा पुढची बाजू जवळजवळ तशीच ठेवली. बाजारात लोकांचा ज्या नाण्यावर विश्वास बसलाय त्याचा तोंडवळा कोण कशाला बदलेल? नाशिक आणि दक्षिण गुजरातेतल्या त्रैकूटक राजांनीही तेच केलं, आणि त्यानंतर कलचुरी कृष्णराजानेही. म्हणजे टोपीकडे बघत बसलात तर चार-पाचशे वर्षांच्या पट्ट्यातले चार घराण्यांचे राजे एकमेकांत मिसळतील.

म्हणून नाणं उलटा. मागे मधोमध काय आहे त्यावरून घराणं ठरतं. बाण आणि वज्र असेल तर नहपान. पंख पसरलेला गरुड असेल तर गुप्त. बसलेला नंदी असेल तर कृष्णराज. तीन कमानींची टेकडी, तिच्यावर चंद्रकोर, खाली नागमोडी रेघ, एका बाजूला चंद्र आणि दुसऱ्या बाजूला सूर्य असेल तर चष्टनाच्या वंशातले क्षत्रप. तुम्ही डोंगर म्हणताय तो हाच. त्रैकूटकांच्या नाण्यावरही टेकडी असते, पण त्यांच्या लेखात ‘परमवैष्णव’ हा शब्द येतो, क्षत्रपांच्या लेखात तो कधीच नसतो.

आता लेख. राजाच्या डोक्याभोवती जी ग्रीकसारखी अक्षरं दिसतात त्यांच्यात डोकं घालू नका. नहपानाच्या काळी ती खरंच वाचता येत होती, त्याचं नाव त्यात होतं. पुढच्या पिढ्यांत कारागिराला ती लिपी येईनाशी झाली आणि उरली ती नुसती नक्षी. वाचायचा लेख मागच्या बाजूला, टेकडीच्या भोवती, ब्राह्मीत आहे. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जातो आणि त्याचा साचा ठरलेला असतो: अमक्या राजाच्या मुलाचं, तमक्या राजाचं हे नाणं. उदाहरणार्थ: ‘राज्ञः क्षत्रपस वीरदामपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसेनस’.

यात पहिल्यांदा शोधायचं ते ‘पुत्रस’. लेखाची सुरुवात प्रत्येक ठशात एकाच जागी नसते, त्यामुळे बारा वाजल्यापासून वाचायला गेलात तर गोंधळ होतो. ‘पुत्रस’ सापडलं की त्याच्या आधी बाप आणि नंतर मुलगा, म्हणजे नाणं पाडणारा राजा. माझी चूक इथेच झाली होती. एका विक्रेत्याकडून मी असंच नाणं घेतलं, पाकिटावर ‘नहपान’ लिहिलेलं. टेकडी पाहून नहपान नाही हे कळलं आणि मी स्वतःवर फार खूश झालो. मग भिंगाखाली ‘रुद्रसेन’ वाचलं, वहीत ‘महाक्षत्रप रुद्रसेन’ अशी नोंद केली आणि दोन वर्षं तसंच सगळ्यांना दाखवत फिरलो. एका जाणत्या मित्राने नाणं हातात घेतलं, फिरवलं आणि म्हणाला, “अरे, रुद्रसेन हा बाप आहे. त्याच्यापुढे ‘पुत्रस’ आहे ते वाचलंस का?” नाणं निघालं भर्तृदामनाचं.

यातून शहाणा होऊन घेतलेलं दुसरं नाणं सविस्तर सांगतो, कारण तुमच्या कामाचं तेच आहे. वजन 2.1 ग्रॅम, मागे टेकडी. चांदीची चकती ठशापेक्षा लहान असल्यामुळे लेखाचा जवळजवळ अर्धा भाग बाहेर गेलेला. हे या नाण्यांत नेहमीचं आहे. अक्षरांचे माथे बाहेरच्या बाजूला असतात, त्यामुळे आधी कापल्या जातात त्या मात्रा आणि वेलांट्या. ‘सेन’चं ‘सन’ होतं आणि ‘सिह’चं ‘सह’. मग निवाडा शेवटच्या व्यंजनावर करावा लागतो. ब्राह्मीतला ‘न’ म्हणजे उभी रेघ आणि तिच्या पायाशी आडवी, थोडी वाकलेली रेघ. माझ्या नाण्यावर ‘पुत्रस’नंतर ‘राज्ञो’ अर्धवट, मग ‘क्षत्रपस’, मग ‘रुद्रस’ आणि ती पायाशी आडवी रेघ असलेली खूण. म्हणजे रुद्रसिंह बाद, रुद्रसेन नक्की.

पण कोणता? या घराण्यात रुद्रसेन निदान तीन झाले आणि नाण्यावर ‘पहिला’, ‘दुसरा’ असं कोणी लिहीत नाही. पहिला रुद्रसिंहाचा मुलगा, दुसरा वीरदामनाचा, तिसरा रुद्रदामनाचा. तिसरा स्वतःला आणि बापाला ‘स्वामी’ म्हणवतो, त्यामुळे तो चटकन वेगळा पडतो. माझ्या नाण्यावर ‘पुत्रस’च्या आधी ‘रदम’ अशी तीन अक्षरं होती, मधल्याचा काना उडालेला. ‘वीरदाम’ असेल तर दुसरा रुद्रसेन. पण ‘रुद्रदाम’मधल्या ‘द्र’चा खालचा भाग झिजला तर? तिथेही ‘दाम’ आहेच. ‘स्वामी’ कुठे दिसत नव्हतं, पण अर्धा लेखच गायब असताना ‘दिसत नाही’ याला पुरावा म्हणता येत नाही.

अशा वेळी पुन्हा पुढच्या बाजूला यायचं. राजाच्या डोक्याच्या मागे, म्हणजे तुमच्या डाव्या हाताला, दोन-तीन खुणा असतात. तो सन आहे. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून या राजांनी नाण्यांवर साल घालायला सुरुवात केली. त्या काळात हिंदुस्थानात एवढ्या नियमाने साल घालणारे राजे दुसरे नाहीत. कालगणना शकाची, आपल्या पंचांगात ‘शके’ म्हणून असते तीच, त्यामुळे 78 मिळवले की इसवी सन येतो. मात्र आकडे आपल्यासारखे वाचायचे नाहीत. ब्राह्मीत शून्य नाही. शंभराची एक खूण, ऐंशीची वेगळी खूण, मग एककाची, आणि सगळ्यांची बेरीज. एक, दोन, तीन म्हणजे तेवढ्या आडव्या रेघा. शंभराच्याच खुणेला उजवीकडे एक फाटा फुटला की ती दोनशे होते. हा फाटा नीट बघा, त्यावर शंभर वर्षांचा फरक आहे.

माझ्या नाण्यावर फाटा नसलेली शंभराची खूण आणि तिच्याखाली ऐंशीची खूण होती, एकक चकतीबाहेर गेलेला. म्हणजे शके 180 ते 189, इसवी सन 258 ते 267. पहिल्या रुद्रसेनाची नाणी शके 144च्या आसपास संपतात, तिसऱ्याची 270नंतर सुरू होतात. मधे बसतो तो फक्त दुसरा, वीरदामनाचा मुलगा. बापाचं अर्धं नाव आणि सालाचे दोन आकडे, दोन्ही एकट्याने अपुरे होते, एकत्र आल्यावर निकाल लागला.

बापाच्या नावावरही डोळे मिटून विसंबू नका. या घराण्यात गादी बऱ्याचदा भावाकडून भावाकडे गेली. पहिला रुद्रसेन, संघदामन आणि दामसेन तिघेही ‘रुद्रसिंहपुत्र’. मुलाचं नाव झिजलं असेल तर तिथे सालाशिवाय गत्यंतर नाही. आणि ‘क्षत्रप’ की ‘महाक्षत्रप’ हेही टिपा: बरेच जण आधी क्षत्रप म्हणून नाणी पाडत आणि पुढे महाक्षत्रप होत, त्यामुळे एकाच माणसाच्या दोन पदव्या दिसल्या तर दचकू नका.

पुतळ्यांबद्दल विचारलं नाहीत, पण मुकुटाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरल्या होत्या. आज त्या जवळजवळ पूर्ण नाहीशा झाल्यात, ना मुकुट उरला ना चेहरा. तरी तिथे सिमुक कुठे होता, सातकर्णी आणि नायनिका कुठे होते हे सांगता येतं, कारण वरची नावं शाबूत आहेत.

नाणं चिंच, लिंबू किंवा पितांबरीने घासू नका. वरचा काळा थर गेला की झिजलेल्या अक्षरांच्या कडाही जातात. खिडकीशी ठेवा, प्रकाश अगदी बाजूने पडू द्या आणि नाणं थोडं थोडं फिरवत मागच्या बाजूचे सात-आठ फोटो काढा, एका कोनात न दिसलेलं अक्षर दुसऱ्यात उठून येतं. पुढच्या बाजूचा एकच पुरे, पण डोक्यामागची जागा त्यात स्पष्ट हवी. ते इथे टाका, वजनही लिहा, मग ‘पुत्रस’ कुठे आहे ते मिळून शोधू.