पुरस्कार सोहळ्याचं मराठी-इंग्रजी निवेदन कसं लिहावं?

कंपनीचा पुरस्कार सोहळा आहे, निवेदन मराठी आणि इंग्रजीत हवंय. संहिता लिहिताना भाषा कुठे बदलायची?

प्रत्येक वाक्य दोन्ही भाषांत सांगू नका. वेळ दुप्पट लागतो आणि दोन्ही भाषा कळणारे कंटाळतात. कामं वाटून द्या: स्वागत, दीपप्रज्वलन, आभार मराठीत, पुरस्काराचं नाव आणि निकष इंग्रजीत, विजेत्याचं कर्तृत्व त्याच्या घरच्यांना कळेल त्या भाषेत.

भाषा वाक्याच्या मध्ये बदलू नका, वाक्य संपल्यावर बदला. पुढचं वाक्य मागच्याचा अनुवाद नसावं, त्याने नवी माहिती द्यावी:

"वर्षभरात पेंट शॉपमध्ये एकही अपघात झाला नाही. द मॅन बिहाइंड दॅट रेकॉर्ड, अवर सेफ्टी अवॉर्ड विनर…"

नाव शेवटी. ते उच्चारलं की टाळ्या सुरू होतात, पुढचं काही ऐकू येत नाही. विजेता मंचावर येईपर्यंत पंधरा-वीस सेकंद जातात, त्यात टाळ्या ओसरल्यावर म्हणायला दुसऱ्या भाषेतलं एक वाक्य राखून ठेवा. तो लवकर पोहोचला तर गाळता येतं.

निवेदक हमखास अडखळतो ते आकड्यांवर. इंग्रजी वाक्यात '48' दिसलं की तोंडून 'अठ्ठेचाळीस' निघतं. म्हणून आकडे त्या-त्या भाषेत अक्षरी लिहा.