माणिक विकत घेण्याआधी काचभराव कसा ओळखायचा?

प्रश्न: जळगावात एक व्यापारी ५ रत्तीचं लालभडक, पारदर्शक माणिक १२ हजारांत देतोय. सोबत ‘नॅचरल रुबी’ असं कार्ड आहे. घेऊ का?

उत्तर: एवढ्यात घेऊ नका. या वजनाचं स्वच्छ माणिक या भावात मिळालं, तर बहुधा त्याच्या भेगांत शिशाची काच भरलेली असते. मूळ खडा खाणीतलाच असल्यामुळे ‘नॅचरल’ लिहून भागवतात. म्हणून कार्डावर नावापेक्षा ‘ट्रीटमेंट’ किंवा ‘कमेंट्स’ची ओळ वाचा. ती ओळच नसेल तर त्या कार्डाचा उपयोग नाही. नुसतं तापवलेलं माणिक चालतं, तो रंग टिकतो. काचभराव मात्र सोनाराच्या ज्योतीने, तेजाबाने, अगदी लिंबाच्या रसानेही खराब होतो.

१० पट भिंगाखाली खडा हलवून बघा. भेगांत निळसर चमक आणि चपटे बुडबुडे दिसले तर काच आहे. मागून बंद कोंदणातला खडा असा तपासता येत नाही, सुटाच मागा.

वजन कॅरेटमध्ये करून घ्या. पक्क्या ५ रत्ती म्हणजे साधारण ४.५५ कॅरेट, कच्च्या ५ म्हणजे जेमतेम ३. फसवणूक इथेही होते. वजन आणि मिलिमीटरमधली मापं रिपोर्टशी जुळवा, रिपोर्ट नंबर लॅबच्या वेबसाइटवर स्वतः टाका. लॅब तुम्ही निवडा, आणि ‘काचभराव निघाल्यास पैसे परत’ असं बिलावर लिहून घ्या.